पट्टीचा ग्रह, ग्रहाची शिवण

आक्षीच्या किनाऱ्यावर काढलेल्या पॅनोरमाचा गोल करून बनवलेला माझा पहिला ग्रह फुटका निघाला. मधे वाळूचा गोळा, अर्ध्या बाजूला समुद्र, उरलेल्या अर्ध्यात सुरूची झाडं अंगावर केस उभे राहावेत तशी बाहेर रोखलेली. इथवर सगळं जमलं होतं. पण घड्याळात बारा वाजतात त्या दिशेला मध्यापासून कडेपर्यंत सुरीनं कापल्यासारखी एक रेघ गेली होती. तिच्या डावीकडे आकाश गडद निळं, उजवीकडे पांढुरकं, आणि समुद्राची रेषा तिथे पायरी चढल्यासारखी वर गेलेली. मी अर्धा तास ब्रश घेऊन ती रेघ पुसत बसलो. शेवटी रेघेच्या जागी एक धुरकट पट्टा आला आणि तो रेघेपेक्षा जास्त नजरेत भरायला लागला.

चूक रेघ पुसण्यात नव्हती, ती कुठे पुसली यात होती. गोल झालेल्या चित्रात शिवण दुरुस्त करणं म्हणजे तिरक्या, ताणलेल्या, ठिकठिकाणी वेगळ्या मापाच्या कापडावर टाका घालणं. तीच शिवण सरळ पट्टीत असताना पाच मिनिटांत बसते. म्हणून या लेखातलं जवळपास सगळं काम फिल्टर लावण्याच्या आधीचं आहे. मी जिम्प वापरतो, तो फुकट मिळतो. फोटोशॉपमध्ये वेगळं काही करावं लागतं तिथे तसं सांगेन.

आधी गोल करणारा हा फिल्टर करतो काय ते पाहू. पॅनोरमा ही एक लांब पट्टी असते. पोलर कोऑर्डिनेट्सचा फिल्टर तिची बांगडी करतो. पट्टीतलं डावं-उजवं हे गोलातला कोन होतं आणि खालचं-वरचं हे मध्यापासूनचं अंतर. पट्टीची सगळ्यात खालची ओळ आकसून एका ठिपक्यात जाते, सगळ्यात वरची ओळ ताणून परीघ होते. आणि पट्टीची दोन टोकं एकमेकांना भिडतात. शिवण म्हणतात ती ही भेट. पहिला उभा स्तंभ आणि शेवटचा उभा स्तंभ खरोखर शेजारी-शेजारी असावेत असे दिसले, तर शिवण दिसणारच नाही. बाकी सगळी खटपट एवढ्यासाठीच.

त्यातली निम्मी खटपट फोटो काढतानाच वाचते. पॅनोरमा पूर्ण ३६० अंशांचा हवा, आणि जमलं तर त्याहून थोडा जास्तच. काही फोन पूर्ण फेरी व्हायच्या आधी थांबतात. असा फोन असेल, तर वेगवेगळे फोटो काढून ते हगिनसारख्या प्रोग्राममध्ये जोडावे लागतात. फोन उभा धरा आणि स्क्रीनवर बोट दाबून ठेवून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर सूर्याकडे वळताना फोन चित्र काळवंडवतो आणि पाठमोरा झाल्यावर उजळवतो. फिरताना फोनला आसासारखं जागेवर ठेवून आपण त्याच्याभोवती सरकायचं. हात लांब करून स्वतःभोवती गिरकी घेतली की जवळच्या वस्तू दोनदा उमटतात किंवा तुटतात. तीनेक मीटरच्या आत काही नसेल अशी जागा त्यासाठी बरी. ओहोटीचा किनारा तर उत्तमच.

सुरुवात कुठून करायची, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. जिथून सुरू कराल तिथेच शिवण येणार. माणसं, झाडं, होड्या यांच्यावर ती येऊ देऊ नका. आक्षीला समुद्र पश्चिमेला आहे, म्हणून मी सकाळी जातो. तेव्हा सूर्य सुरूच्या बनामागे असतो आणि समुद्रावरचं आकाश बऱ्यापैकी एकसारखं उजळलेलं असतं. संध्याकाळी गेलात तर सूर्य नेमका समुद्रावर, आणि त्याच्या शेजारी शिवण घेणं म्हणजे संकटाला आमंत्रण. पण सकाळीही एक खोच आहे. आपली सावली पश्चिमेला, म्हणजे नेमकी समुद्राच्या दिशेनं वाळूवर पडते. शिवण सावलीवर आली तर अर्धी सावली एका टोकाला, अर्धी दुसऱ्या टोकाला. म्हणून मी वायव्येकडे तोंड करून सुरू करतो. तिथे समोर समुद्रच असतो आणि सावली बाजूला राहते.

आता प्रत्यक्ष एक पट्टी घेऊ. माझ्याकडची १२,४०० पिक्सेल रुंद आणि २,५०० उंच आहे. क्षितिज जवळपास मधोमध, म्हणजे खालून १,२५० वर. मी एका फेरीपेक्षा थोडा जास्त फिरलो होतो, त्यामुळे शेवटच्या ४०० पिक्सेलमध्ये तेच दिसतं जे पहिल्या ४०० मध्ये आहे. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे दूरची एखादी स्थिर वस्तू. माझ्या चित्रात नांगरलेली एक होडी दोन्ही टोकांना आहे.

पहिलं काम क्षितिजाचं. वरच्या रूलरवरून गाइडची रेषा ओढून डाव्या टोकाच्या क्षितिजावर ठेवली, तर उजव्या टोकाचं क्षितिज तिच्या ३२ पिक्सेल खाली होतं. फिरताना हात हळूहळू उतरला होता. हे चित्र फिरवून म्हणजे रोटेट करून दुरुस्त करू नका, कारण त्यानं झाडंही कलतात. Shear हे टूल घ्या आणि Shear magnitude Y मध्ये फरकाइतका आकडा द्या. चिन्ह उलटं पडलं तर फरक दुप्पट होईल, मग उणे करून पाहा. यात उभ्या रेषा उभ्याच राहतात, फक्त प्रत्येक स्तंभ थोडा वरखाली सरकतो. फोटोशॉपमध्ये हेच Edit > Transform > Skew नं होतं. नंतर वर-खाली उरलेल्या रिकाम्या पाचरी कापून टाकायच्या.

टोकं जुळली पण मधे क्षितिज लाटेसारखं वरखाली होत असेल, तर ग्रह गोल न होता बटाट्यासारखा होतो. डोंगराळ जागी ते खपून जातं. समुद्राची रेषा मात्र क्षमा करत नाही. लाट मोठी असेल तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा फोटो काढणं स्वस्त पडतं, असा माझा अनुभव आहे.

आता शिवण. टोकांना एकच दृश्य दोनदा आलं असेल, तर त्याहून चांगली गोष्ट नाही. उजव्या टोकाचे ४०० पिक्सेल, म्हणजे १२,००० पासून शेवटपर्यंतचा भाग, निवडा, कॉपी करा आणि नव्या लेयरवर पेस्ट करा. हा तुकडा उचलून डाव्या टोकावर नेऊन ठेवा, त्याची डावी कड चित्राच्या डाव्या कडेला लावून. त्या लेयरचा मोड थोडा वेळ Difference करा. वरचं आणि खालचं चित्र जिथे तंतोतंत जुळतं तिथे काळं दिसतं. होडी आणि क्षितिज काळं होईपर्यंत तुकडा बाणाच्या कळांनी एक-एक पिक्सेल वरखाली सरकवा. तो आडवा सरकवावा लागत असेल, तर तुमचा ४०० चा अंदाज चुकलाय. जितका सरकला तितका आकडा बदलून तुकडा पुन्हा कापा. लाटा जुळणार नाहीत. त्या जुळू नयेतच, कारण फेरी पूर्ण होईपर्यंत समुद्र थांबलेला नसतो.

मोड पुन्हा Normal करा. तुकड्याला लेयर मास्क द्या आणि त्यावर डावीकडून उजवीकडे पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट ओढा. डाव्या कडेला तुकडा पूर्ण दिसेल, ४०० पिक्सेल पुढे गेल्यावर तो पूर्ण विरघळलेला असेल. आता मूळ चित्राची रुंदी उजवीकडून कापून १२,००० करा आणि Image > Flatten Image.

यानं काय झालं ते नीट पाहा. चित्राची नवी उजवी कड म्हणजे मूळचा १२,००० च्या अलीकडचा स्तंभ. डाव्या कडेला बसवलेल्या तुकड्याचा पहिला स्तंभ म्हणजे त्याच्या लगतचाच पुढचा. हे दोघं कॅमेऱ्यानं शेजारी-शेजारी टिपलेले आहेत, त्यामुळे तुकडा वरखाली फारसा सरकवला नसेल तर तिथे शिवण असूच शकत नाही. आकाशाचा जो काही रंगफरक होता तो ४०० पिक्सेलमध्ये, म्हणजे गोलातल्या बारा अंशांत, हळूहळू पसरला. मला ही युक्ती कळायला बराच उशीर लागला, आणि कळल्यावर आधीचे अर्धे-अर्धे तास आठवून वाईट वाटलं.

टोकांना असं जादा दृश्य नसेल तर थोडी जास्त मेहनत आहे. Layer > Transform > Offset उघडा, X मध्ये रुंदीच्या निम्मा आकडा द्या आणि Wrap around निवडा. फोटोशॉपमध्ये हे Filter > Other > Offset. चित्र अर्धं सरकतं, टोकं मधोमध येऊन भेटतात आणि शिवण डोळ्यासमोर उभी राहते. आधी उजेडाचा फरक मिटवा, तपशील नंतर. लेयरची नक्कल करून ती Curves नं इतकी गडद करा की शिवणीच्या पांढुरक्या बाजूचं आकाश पलीकडच्या आकाशासारखं दिसेल. मग मास्क आणि ग्रेडियंट वापरून ही नक्कल फक्त पांढुरक्या बाजूला दाखवा, शिवणीपाशी पूर्ण आणि दीड-दोन हजार पिक्सेल दूर जाईपर्यंत शून्य. फरक जितक्या लांबवर पसरवाल तितका तो आकाशाचा स्वभाव वाटतो. घाईनं दोनशे पिक्सेलमध्ये आटोपलात तर माझा तो धुरकट पट्टा तुमच्याकडेही येईल.

मग दोन्ही लेयर एक करा आणि उरलेली रेघ बुजवा. आकाश आणि ओली वाळू यांना Heal चांगलं, कारण ते आजूबाजूचा रंग स्वतः जुळवून घेतं. पण क्षितिजरेषेवर Heal फिरवू नका. ते वरचं आकाश आणि खालचं पाणी दोन्हीकडचे रंग ओढून घेतं आणि रेषेवर मळकट डाग पडतो. तिथे Clone, तेही क्षितिजावरूनच नमुना उचलून. फेसाच्या रेषेसाठी शेजारच्या लाटेचा मोठा तुकडा एकदाच ठेवावा. ब्रशचे छोटे-छोटे ठिपके मारले की तोच फेस पाच ठिकाणी दिसतो, आणि गोल झाल्यावर ही पुनरावृत्ती लगेच डोळ्यात येते.

झाल्यावर चित्र पुन्हा मागे सरकवायची गरज नाही. आत्ताच्या दोन्ही कडा मूळ फोटोच्या मधल्या आहेत, त्या आपोआप जुळतात. मात्र यापुढे पट्टीच्या कडांना धक्का लावू नका. एका बाजूनं पाच पिक्सेल कापलेत, पट्टीवर कडा काळवंडवणारा व्हिनेट टाकलात किंवा अख्ख्या पट्टीला ब्लर दिलात, की शिवण परत आली. शंका वाटेल तेव्हा Offset नं अर्धं सरकवून मधला भाग शंभर टक्के मोठा करून पाहायचा. शिवण तपासायची याहून खात्रीची पद्धत नाही.

आता ग्रहाचं रूप. इथे एक साधं गणित आहे आणि ते बहुतेक ठिकाणी सांगितलेलं नसतं. क्षितिजावरची झाडं किती लांबुडकी दिसणार, हे फक्त क्षितिजाखाली किती जमीन आहे यावर ठरतं. पट्टीची रुंदी भागिले ६.२८ करा. जमिनीची उंची तेवढी असेल, तर क्षितिजापाशी झाडं आपल्या खऱ्या प्रमाणात दिसतात. जमीन त्याच्या निम्मी असेल तर झाडं दुप्पट उंच, जास्त असेल तर बुटकी आणि पसरट. माझ्या १२,००० च्या पट्टीसाठी तो आकडा सुमारे १,९०० येतो, आणि माझ्याकडे वाळू आहे १,२५०. म्हणजे सुरू दीडपट उंच दिसणार. मला ते हवंच होतं, सुरूला शोभतं. एखादी वास्तू असती, तर मी खाली आणखी साडेसहाशे पिक्सेल वाळू क्लोन करून वाढवली असती, कारण दीडपट ओढलेलं देऊळ विद्रूप दिसतं. ३६० कॅमेऱ्याच्या दोनास एक प्रमाणातल्या चित्रात उलटं होतं. तिथे क्षितिजाखाली रुंदीच्या पाव भाग जमीन असते, त्यामुळे सगळं दीडपट पसरट होतं आणि ग्रह अवाढव्य. अशा चित्राची खालची जमीन थोडी कापूनच घ्यावी.

आकाशाचा झाडांच्या प्रमाणाशी काही संबंध नाही, ते फक्त ग्रह चौकटीत किती लहान दिसेल ते ठरवतं. माझ्या पट्टीत अर्धी वाळू, अर्धं आकाश, म्हणजे ग्रहानं अर्धी चौकट व्यापली असती आणि झाडांचे शेंडे कडेला टेकले असते. मी Image > Canvas Size नं वर ८०० पिक्सेल वाढवले आणि ते आकाशाच्या रंगानं भरले. वाळू १,२५० आणि एकूण उंची ३,३००, म्हणजे ग्रहाचा व्यास चौकटीच्या सुमारे ३८ टक्के झाला. हे भरताना सगळ्यात वरच्या शंभरेक ओळी एकाच सपाट रंगात उतरवा. त्या ओळी परिघावर जाणार आहेत, आणि गोलाबाहेरचे चार कोपरे नंतर त्याच रंगानं भरता येतील. हे न केल्यास जिम्पमध्ये गोलाबाहेर रिकामे कोपरे आणि फोटोशॉपमध्ये कडेच्या पिक्सेलच्या ओढलेल्या रेघा यांच्याशी झगडावं लागतं.

यापुढचं दोन मिनिटांचं. Image > Scale Image मध्ये रुंदी-उंचीची साखळी तोडा आणि चित्र चौकोनी करा. शेवटी ४,००० चा चौकोन हवा असेल तर आत्ता ८,००० चा करा, कारण पट्टी आडवी दाबताना तपशील जातो आणि बाहेरच्या वर्तुळावर तोच परत ताणला जातो. नंतर लहान केलं की ताण झाकला जातो. संगणक जुना असेल तर ६,००० वर भागवा. मग Filters > Distorts > Polar Coordinates. Circle depth in percent १००, To polar ची खूण असू द्या, Map from top ची काढा. ती राहिली तर आकाश मधे गोळा होतं, वाळू बाहेर जाते आणि ग्रहाऐवजी भुयार मिळतं. फोटोशॉपमध्ये अशी खूण नाही, म्हणून आधी Image > Image Rotation > 180° करून मग Filter > Distort > Polar Coordinates मधलं Rectangular to Polar. चित्रात एखादी पाटी असेल तर ती वाचून पाहा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली, तर जिम्पमध्ये Map backwards ची खूण बदला.

इतकं सगळं करूनही कधीकधी शिवणीच्या जागी केसासारखी बारीक रेघ उरते. ती तुमच्या पट्टीची चूक नसते. फिल्टरला कडेच्या पिक्सेलपलीकडे काही सापडत नाही, म्हणून तिथे तो पारदर्शक किंवा काळा अंश मिसळतो. जिम्पमध्ये फिल्टरच्या आधी Layer > Transparency > Remove Alpha Channel केलं तर बरेचदा ती येतच नाही. आलीच, तर दोन ग्रह करा. एक नेहमीचा. दुसरा, चौकोनी केलेली पट्टी Offset नं निम्मी सरकवून केलेला. दुसऱ्याची रेघ ग्रहाच्या वेगळ्या भागावर, बरोबर समोरच्या बाजूला असते. दुसरा ग्रह १८० अंशांत फिरवून पहिल्याखाली ठेवा, मग दोन्ही चित्रं एकावर एक तंतोतंत बसतात. वरच्याच्या मास्कवर मऊ काळ्या ब्रशनं रेघेवरून एक हात फिरवला की खालचं स्वच्छ चित्र डोकावतं. अर्ध्या फेरीच्या फिरवण्यात पिक्सेल फक्त जागा बदलतात, म्हणून काही धूसर होत नाही.

मध्यबिंदू तेवढा गोल झाल्यावरच हाताळायचा. तिथे बारा हजार पिक्सेलची ओळ एका ठिपक्यात कोंबलेली असते, त्यामुळे वाळूच्या रंगछटा चक्राच्या आऱ्यांसारख्या एकत्र येतात. बाजूची वाळू Clone नं उचलून मधला छोटा गोल झाकला की झालं. या खटपटीत माझी सावलीही पुसून टाकावी का, असा प्रश्न मला आक्षीच्या चित्रात पडला. मध्यापासून समुद्राकडे गेलेली ती लांब सावली घड्याळाच्या काट्यासारखी दिसत होती. मी ती राहू दिली.